गुण दहापैकी, विद्यार्थी हजारो: क्विकसॉर्टमधल्या तीन भागांच्या विभागणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या उत्तरांत एकच उदाहरण घेतले आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांमधून घटक चाचणीचे १० पैकी गुण एका यादीत आले आहेत आणि विद्यार्थी २२,००० आहेत, असे धरून चला. आकडा हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे. गुण पूर्णांकात आहेत, म्हणजे ० ते १० अशा फक्त ११ वेगवेगळ्या किमती. २२,००० ला ११ ने भागले तर २,००० येतात, त्यामुळे गुण कसेही वाटले गेले तरी निदान एक किंमत यादीत २,००० किंवा जास्त वेळा असणारच. सगळी अडचण इथून सुरू होते.

## साध्या क्विकसॉर्टला अशा यादीत नेमका त्रास कशाचा होतो?

कॉलेजात बहुतेक वेळा लोमुटोची विभागणी शिकवतात. शेवटचा घटक पिव्हट घ्यायचा, त्याच्याएवढे किंवा त्याहून लहान घटक डावीकडे, मोठे उजवीकडे, आणि पिव्हट मधे. सगळे घटक वेगळे असतील तर हे छान चालते. पण पिव्हट ७ असेल आणि यादीत ७ गुणांचे २,००० जण असतील, तर जागेवर बसतो फक्त एक ७. बाकीचे १,९९९ सगळे डावीकडच्या भागात जातात. पुढे कधीतरी त्यांच्यातला दुसरा ७ पिव्हट होतो, उरलेल्या १,९९८ शी त्याची तुलना होते, आणि तेही पुन्हा एकाच बाजूला पडतात.

याचा हिशेब अंदाजाने करावा लागत नाही, अचूक मांडता येतो. सारख्या किमतीचे दोन घटक या पद्धतीत कधीच एकमेकांपासून वेगळे होत नाहीत. त्यांच्यातला एक पिव्हट झाला की दुसऱ्याशी त्याची एकदा तुलना होतेच. म्हणजे एका किमतीचे m घटक असतील तर निव्वळ त्यांच्या आपसातल्या तुलना m(m−1)/2. २,००० साठी हा आकडा १९,९९,००० आहे. अकराही किमती समान वाटल्या गेल्या असतील तर एकूण २,१९,८९,०००, म्हणजे जवळजवळ २ कोटी २० लाख. आणि हा कमीत कमी आकडा आहे, कारण गुण असमान वाटले गेले की बेरीज वाढतच जाते.

घटक चाचणीत गुण समान वाटले जात नाहीत. समजा ६, ७ आणि ८ गुण प्रत्येकी ५,००० जणांना मिळाले आणि उरलेले ७,००० जण बाकीच्या आठ किमतींत ८७५ प्रमाणे आहेत. आता सारख्यांच्या आपसातल्या तुलना ४,०५,५१,५०० होतात. यातल्या प्रत्येक तुलनेचे उत्तर ‘दोघे सारखे’ एवढेच येते, म्हणून हे काम वाया जाते याचा जास्त त्रास होतो.

## पिव्हट यादृच्छिक निवडला किंवा यादी आधी पिसून घेतली तर?

काही फरक पडत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. यादृच्छिक पिव्हट हा आधीच क्रमाने लावलेल्या यादीवरचा उपाय आहे. वरच्या हिशेबात पिव्हट कुठून घेतला याचा कुठेही संबंध आला नव्हता. ७ गुणांचा पहिला विद्यार्थी घ्या किंवा शेवटचा, बाकीचे सगळे ७ एकाच बाजूला जाणार. तीन घटकांचा मध्यक पिव्हट म्हणून घेतला तरी तेच.

## तीन भागांची विभागणी म्हणजे काय करायचे?

पिव्हटपेक्षा लहान, पिव्हटएवढे आणि पिव्हटपेक्षा मोठे असे तीन पट्टे करायचे. मधला पट्टा तिथल्या तिथे कायमचा जागेवर बसतो, पुढे त्याला हात लावायचा नाही. रिकर्शन फक्त डाव्या आणि उजव्या पट्ट्यावर. ७ गुणांचे ५,००० जण एकाच विभागणीत निकालात निघतात.

एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७६ मध्ये मांडलेला डच राष्ट्रध्वजाचा प्रश्न तो हाच: लाल, पांढरा आणि निळा असे तीन रंग एकाच फेरीत वेगळे करायचे. क्विकसॉर्ट मात्र त्याच्या आधीचा, टोनी होअर यांचा, १९६१ सालचा.

पायथनमध्ये पूर्ण कोड एवढाच:

```python
import random

def sort3(a, lo, hi):
    while lo < hi:
        p = a[random.randint(lo, hi)]
        lt, i, gt = lo, lo, hi
        while i <= gt:
            if a[i] < p:
                a[lt], a[i] = a[i], a[lt]
                lt += 1
                i += 1
            elif a[i] > p:
                a[i], a[gt] = a[gt], a[i]
                gt -= 1
            else:
                i += 1
        if lt - lo < hi - gt:
            sort3(a, lo, lt - 1)
            lo = gt + 1
        else:
            sort3(a, gt + 1, hi)
            hi = lt - 1
```

बोलावताना `sort3(a, 0, len(a) - 1)`.

## `lt`, `i` आणि `gt` यांचा गोंधळ होतो. लक्षात कसे ठेवायचे?

तीन इंडेक्स पाठ करू नका, चार भाग लक्षात ठेवा. `lo` पासून `lt - 1` पर्यंत लहान घटक. `lt` पासून `i - 1` पर्यंत पिव्हटएवढे. `i` पासून `gt` पर्यंत अजून न पाहिलेले. `gt + 1` पासून `hi` पर्यंत मोठे. सुरुवातीला सगळी यादी ‘न पाहिलेले’ या एकाच भागात असते, आणि आतल्या लूपच्या प्रत्येक फेरीत हा भाग बरोबर एकाने कमी होतो: एक तर `i` पुढे सरकतो, नाहीतर `gt` मागे येतो. म्हणून n घटकांसाठी बरोबर n फेऱ्या होतात.

## एखादे उदाहरण हाताने सोडवून दाखवाल का?

आठ गुण घेऊ: ७ ९ ४ ७ १० ७ २ ७. पिव्हट ७. इंडेक्स ० ते ७. प्रत्येक ओळीत त्या फेरीनंतरची स्थिती आहे.

```
सुरुवात               ७ ९ ४ ७ १० ७ २ ७   lt=० i=० gt=७
७ सारखा               ७ ९ ४ ७ १० ७ २ ७   lt=० i=१ gt=७
९ मोठा, टोकाशी बदल     ७ ७ ४ ७ १० ७ २ ९   lt=० i=१ gt=६
७ सारखा               ७ ७ ४ ७ १० ७ २ ९   lt=० i=२ gt=६
४ लहान, lt शी बदल      ४ ७ ७ ७ १० ७ २ ९   lt=१ i=३ gt=६
७ सारखा               ४ ७ ७ ७ १० ७ २ ९   lt=१ i=४ gt=६
१० मोठा, टोकाशी बदल    ४ ७ ७ ७ २ ७ १० ९   lt=१ i=४ gt=५
२ लहान, lt शी बदल      ४ २ ७ ७ ७ ७ १० ९   lt=२ i=५ gt=५
७ सारखा               ४ २ ७ ७ ७ ७ १० ९   lt=२ i=६ gt=५
```

आठ घटक, आठ फेऱ्या, चार स्वॅप. इंडेक्स २ ते ५ वरचे चारही ७ आता पक्के बसले. उरले डावीकडचे ४ २ आणि उजवीकडचे १० ९.

दोन ओळी थांबून पाहण्यासारख्या आहेत, ९ ची आणि १० ची. मोठा घटक टोकाला पाठवल्यावर `i` जागचा हललेला नाही. टोकाकडून जो घटक आला तो ‘न पाहिलेल्या’ भागातला आहे, तो कोण आहे हे अजून आपल्याला ठाऊक नाही. लहान घटकाच्या वेळी मात्र `i` बिनधास्त पुढे जातो, कारण `lt` वरून जो घटक आला तो आधीच तपासलेला, पिव्हटएवढा असतो. `lt` आणि `i` एकाच जागी असतील तर घटक स्वतःशीच बदलला जातो, त्यानेही बिघडत नाही.

## माझा कोड बहुतेक वेळा बरोबर उत्तर देतो, कधीतरी चुकतो. कुठे पाहू?

सगळ्यात आधी मोठ्या घटकाच्या फाट्यात `i += 1` लिहिले गेले आहे का ते पाहा. वरच्याच उदाहरणात ही चूक केली तर १० च्या जागी आलेला २ न तपासताच मागे राहतो आणि विभागणी अशी संपते: ४ | ७ ७ ७ २ ७ | १० ९. मधल्या पट्ट्याला पुढे कोणी हात लावत नाही, त्यामुळे अंतिम उत्तर ४ ७ ७ ७ २ ७ ९ १० असे येते. गंमत म्हणजे ९ च्या वेळीही हीच चूक झाली होती, पण टोकाकडून योगायोगाने ७ आला म्हणून ती लपली. सारखे घटक जितके जास्त, तितकी ही चूक दडून राहते. म्हणूनच दोन-चार याद्यांवर चालवून समाधान मानू नका.

दुसरी जागा लूपची अट. `i <= gt` ऐवजी `i < gt` लिहिले तर शेवटचा एक घटक न पाहिलेलाच राहतो. ७ २ ही दोनच घटकांची यादी पिव्हट ७ घेऊन चालवा: पहिला ७ सारखा निघतो, `i` आणि `gt` दोन्ही १ होतात, लूप थांबते आणि २ मधल्या पट्ट्यात अडकतो.

तिसरी चूक पिव्हटची किंमत बाजूला न ठेवता दर वेळी `a[lo]` शी तुलना करण्याची. वरच्या तक्त्यात ४ ची फेरी झाल्यावर इंडेक्स ० वर ७ उरलेला नाही, ४ आहे. त्यानंतरचा प्रत्येक ७ मग ‘मोठा’ ठरतो. पिव्हट `p` मध्ये आधी काढून ठेवा आणि त्याच्याशीच तुलना करा.

पकडण्याचा खात्रीचा मार्ग: ० ते १० मधल्या यादृच्छिक संख्यांच्या, १ ते ८ लांबीच्या हजारो छोट्या याद्या बनवा आणि प्रत्येकीचे उत्तर `sorted()` शी ताडून पाहा. छोट्या यादीत चूक लपायला जागा कमी असते, आणि सापडली की हाताने तक्ता करता येतो. त्याखेरीज आतला लूप संपल्यावर ही एक ओळ ठेवा:

```python
assert all(x == p for x in a[lt:gt+1])
```

## तीन भाग केल्याने काम किती वाचते?

प्रत्येक विभागणीत एक किंमत यादीतून कायमची बाद होते. किमती ११ च आहेत, तेव्हा कुठलाही घटक जास्तीत जास्त ११ वेळा पाहिला जाईल. २२,००० विद्यार्थ्यांसाठी वाईटात वाईट मर्यादा २,४२,००० फेऱ्या. एका फेरीत जास्तीत जास्त दोन तुलना होतात, म्हणून ४,८४,००० तुलना. ६-७-८ वर गर्दी असलेल्या यादीत साध्या पद्धतीला निव्वळ सारख्यांच्या तुलनाच ४ कोटींच्या पुढे लागत होत्या.

पिव्हट दर वेळी सर्वांत वाईट निवडला गेला तरी ही मर्यादा मोडत नाही. यादृच्छिक पिव्हट आणि समान वाटलेल्या अकरा किमती असतील तर एक घटक सरासरी सुमारे ३.६ वेळा पाहिला जातो, म्हणजे २२,००० साठी जवळपास ७९,००० फेऱ्या. गर्दीची किंमत पिव्हट म्हणून लवकर निवडली जाण्याची शक्यता जास्त, त्यामुळे असमान यादीत काम साधारणपणे आणखी कमी होते. साध्या विभागणीला जे मारक ठरते तेच इथे उपयोगी पडते.

रिकर्शनची खोलीही ११ च्या वर जात नाही. उलट लोमुटोमध्ये ५,००० सारखे घटक म्हणजे साधारण तितकीच खोली. पायथनची नेहमीची मर्यादा १,००० आहे, तेव्हा वेळेची तक्रार करायच्या आधीच `RecursionError` येतो. प्रॅक्टिकलला हजार-दोन हजार गुणांच्या यादीवर हा एरर आला तर मर्यादा वाढवत बसू नका, विभागणी बदला.

## माझा प्रोग्राम वर्गाकार वेळ घेतोय हे ओळखायचे कसे?

तुलना मोजणारा एक काउंटर ठेवा आणि सगळे घटक सारखे असलेली यादी द्या. लोमुटोमध्ये ५०० घटकांना १,२४,७५० तुलना लागतील. लांबी दुप्पट करून १,००० केली (रिकर्शनची मर्यादा तेवढ्यापुरती वाढवून) की ४,९९,५००, म्हणजे चौपट. वरच्या `sort3` मध्ये त्याच याद्यांना १,००० आणि २,००० तुलना लागतात, कारण सारख्या घटकासाठी दोन्ही अटी तपासाव्या लागतात आणि एकाच विभागणीत काम संपते. घड्याळापेक्षा काउंटरवर भिस्त ठेवा. लॅबमधल्या मशीनवर त्याच वेळी दुसरे काय चालू आहे याचा काउंटरवर परिणाम होत नाही.

## होअरची मूळ विभागणी सारख्या घटकांवर अडकत नाही असे ऐकले. मग तीन भाग कशाला?

ऐकले ते बरोबर आहे. होअरच्या पद्धतीत दोन्ही टोकांकडून येणारे इंडेक्स पिव्हटएवढ्या घटकावर थांबतात आणि अदलाबदल करतात. त्यामुळे सगळे घटक सारखे असले तरी यादी साधारण मधोमध फुटते आणि वेळ n log n राहतो. २२,००० साठी सुमारे १४ ते १५ पातळ्या, म्हणजे तीन लाखांच्या आसपास तुलना आणि त्याच्या निम्म्याच्या आसपास स्वॅप. त्या स्वॅपमध्ये ७ च्या जागी ७ च येतो. तीन भागांत हेच काम एका विभागणीत, एकही खरी अदलाबदल न करता होते.

हे निष्फळ स्वॅप वाचवायला काही जण आतल्या लूपमध्ये `<` ऐवजी `<=` लिहितात. तसे करू नका. मग इंडेक्स सारख्या घटकांवर थांबत नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतो, कधी यादीच्या बाहेरही जातो, आणि वर्गाकार वेळ परत येतो.

## गुण ० ते १० च आहेत, तर सरळ मोजणी का करू नये?

करावीच. नुसते गुण लावायचे असतील तर अकरा काउंटर, एक फेरी, झाले. तिथे क्विकसॉर्टचा आग्रह धरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

तीन भागांची विभागणी लागते ती किमती थोड्याच आहेत पण कोणत्या ते आधी ठाऊक नाही, किंवा त्या ० पासून ओळीने येत नाहीत तेव्हा. त्याच यादीतला पत्त्याचा रकाना घ्या. वाशी ४००७०३, नेरूळ ४००७०६, ऐरोली ४००७०८, सीबीडी बेलापूर ४००६१४, ठाणे ४००६०१. पिनकोड मोजकेच, प्रत्येकाखाली शेकडो विद्यार्थी. शाळेच्या नावाचा रकानाही तसाच. इथे `sort3` ला आधी काहीही सांगावे लागत नाही, दोन घटकांत लहान कोण एवढे कळले की पुरे, आणि वेगळी यादीही लागत नाही.

## सारख्या गुणांच्या मुलांचा हजेरी क्रमांकाचा क्रम टिकतो का?

नाही. वरच्या उदाहरणातल्या चार ७ ना मूळ क्रमाने क, ख, ग, घ म्हणा. विभागणीनंतर त्यांचा क्रम क, ख, घ, ग असा होतो, कारण शेवटचा ७ पहिल्याच अदलाबदलीत टोकावरून पुढे आला.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे तुलनेतच हजेरी क्रमांक घालणे: गुण सारखे तर क्रमांक पाहा. उत्तर बरोबर येईल, पण आता कोणतेच दोन घटक सारखे उरले नाहीत. मधल्या पट्ट्यात दर वेळी एकच विद्यार्थी येईल आणि तीन भागांचा सगळा फायदा जाईल. त्याऐवजी विभागणी फक्त गुणांवर करा. मधला पट्टा पक्का झाला की `lt` ते `gt` एवढाच तुकडा घेऊन तो हजेरी क्रमांकावर लावा. क्रमांक सगळे वेगळे असतात, तिथे कोणतीही चांगली पद्धत चालते. एकाच घटकाच्या भागावर `sort3` चा लूप चालत नाही, पण तिथे लावण्यासारखे काही नसतेच.

## फाइलमधून वाचलेले गुण भलत्याच क्रमाने लागतात. विभागणी चुकली का?

बहुधा नाही. सीएसव्हीतून आलेले गुण मजकूर म्हणून राहिले असतील तर १० हा १ आणि २ यांच्या मधे जाऊन बसतो. आधी `int()` करा. गैरहजर मुलांसाठी `AB` लिहिलेले असेल तर तिथे `int()` थांबेल. त्यांच्यासाठी −१ ठरवा, ती फक्त बारावी किंमत होईल.

अर्धे गुण देत असाल, जसे ७.५, तर किमती २१ होतात आणि पद्धत तशीच चालते. पण दोन-तीन चाचण्यांची सरासरी अपूर्णांकात काढली असेल तर जपून. बेरजेचा क्रम वेगळा असला की कागदावर सारख्या असलेल्या दोन सरासऱ्या शेवटच्या अंकात वेगळ्या पडू शकतात आणि मधला पट्टा उगाच फाटतो. सरासरीऐवजी बेरीजच पूर्णांकात ठेवा आणि तिच्यावर लावा.

## सगळे घटक वेगळे असतील तर तीन भागांमुळे तोटा होतो का?

थोडा होतो. मोठ्या घटकासाठी दोन तुलना लागतात आणि स्वॅपही होअरच्या पद्धतीपेक्षा जास्त होतात. जॉन बेंटली आणि डग्लस मॅकिलरॉय यांनी १९९३ मध्ये यावर मार्ग दाखवला: सारखे घटक सापडतील तसे यादीच्या दोन्ही टोकांना गोळा करायचे आणि विभागणी संपली की एकदम मधे आणून ठेवायचे. सारखे घटक नसतील तर जादा काम जवळजवळ शून्य. कोड मात्र लांबतो. गुणांच्या यादीसाठी वरची साधी पद्धतच पुरेशी आहे.

## तयार लायब्ररीत हे आधीच असते का?

भाषेवर अवलंबून आहे. पायथनचे `sorted()` क्विकसॉर्ट नाही, ते मर्जच्या घराण्यातले आहे आणि सारख्यांचा मूळ क्रम राखते. जावात `int` च्या अ‍ॅरेसाठी ७ व्या आवृत्तीपासून दोन पिव्हटचे क्विकसॉर्ट आहे, ऑब्जेक्टसाठी क्रम राखणारी वेगळी पद्धत. गो भाषेत `sort.Sort` सारख्या घटकांची वेगळी दखल घेते. सी च्या `qsort` मध्ये आत कोणती पद्धत असावी हे मानकात ठरवलेले नाही, तेव्हा तिथे सगळे गुण सारखे असलेली यादी देऊन तुलनेच्या फंक्शनमधला काउंटर एकदा पाहून घ्या.

## गुणवत्ता यादीसाठी उतरता क्रम हवा. काय बदलू?

फक्त दोन अटी: `a[i] < p` च्या जागी `a[i] > p`, आणि `elif` मध्ये `a[i] < p`. `lt`, `gt` आणि रिकर्शन जसेच्या तसे ठेवा. दोन्हींपैकी एकच अट बदलली तर दोन्ही फाटे एकाच बाजूचे घटक पकडतात, दुसऱ्या बाजूचे सगळे मधल्या पट्ट्यात साचतात, आणि वर दिलेली `assert` ची ओळ तिथेच थांबवते.